बचत दहा वर्षं उशिरा सुरू केली तर दरमहा किती जास्त भरावे लागतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच उदाहरण घेतलं आहे, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतील. जुळी भावंडं आहेत, एक बहीण आणि एक भाऊ. दोघांना वयाच्या ६० व्या वर्षी, एकाच दिवशी, प्रत्येकी १ कोटी हातात हवे आहेत. बहीण २५ व्या वर्षी बचत सुरू करते, भाऊ ३५ व्या. दोघांच्या पैशावर वर्षाला ८ टक्के परतावा मिळतो, तो दरमहा जमा होतो आणि हप्ता महिन्याच्या शेवटी भरला जातो. शुल्क आणि कर वजा जाऊन उरतो तो हा परतावा, असं धरलं आहे.

जुळी भावंडं घेण्यामागे कारण आहे. दोघांच्या निवृत्तीचा दिवस एकच असल्यामुळे त्या दिवशीच्या १ कोटीची किंमतही दोघांसाठी एकच राहते. आकड्यांपुढे चलन मुद्दाम लिहिलेलं नाही. चलन कोणतंही असो, किंवा १ कोटीऐवजी ५० लाख धरा, दोघांच्या हप्त्यांमधलं प्रमाण तेच राहतं.

दोघांच्या हप्त्यात नेमका फरक किती पडतो?

बहिणीला ३५ वर्षं दरमहा ४,३५९ भरावे लागतात. भावाला २५ वर्षं दरमहा १०,५१५ भरावे लागतात, म्हणजे बहिणीच्या २.४१ पट.

भावाचे हप्ते कमी आहेत, तेव्हा एकूण भरणा तरी सारखा होत असेल, असं वाटण्याची शक्यता आहे. तसं होत नाही. बहीण ४२० हप्त्यांत मिळून सुमारे १८ लाख ३१ हजार भरते आणि भाऊ ३०० हप्त्यांत सुमारे ३१ लाख ५४ हजार. दोघांच्या हातात येतो तो १ कोटीच. भावाने खिशातून घातलेले जादा १३ लाख म्हणजे त्या दहा वर्षांत न मिळालेल्या व्याजाची भरपाई आहे.

दहा वर्षं कमी म्हणजे ४२० ऐवजी ३०० हप्ते. मग हप्ता ४० टक्क्यांनी वाढायला हवा, २.४१ पट का होतो?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून उत्तर थोडं सावकाश देतो.

परतावा शून्य असता, पैसे नुसते पेटीत साठवले असते, तर हिशेब अगदी तुम्ही म्हणता तसा आला असता: ४२० भागिले ३००, म्हणजे १.४ पट. त्यापुढचा सगळा फरक चक्रवाढीमुळे पडतो. आणि तो कुठे पडतो याबद्दल बहुतेकांचा समज उलटा असतो.

भावाने सुरुवातीची दहा वर्षं गमावली, असं आपण म्हणतो. त्या दहा वर्षांत बहिणीच्या खात्यात किती साठले? जेमतेम ८ लाख. म्हणून भावाला वाटतं की आपण ८ लाखांनी मागे आहोत, भरून काढू. आता दुसऱ्या बाजूने बघा. समजा भावानेही ३५ व्या वर्षापासून बहिणीइतकेच, म्हणजे ४,३५९ भरायला सुरुवात केली. मग ६० व्या वर्षी त्याच्या खात्यात किती असतील? बहिणीच्या खात्यात ५० व्या वर्षी होते तितके, कारण दोघांनीही तोवर बरोबर २५ वर्षं भरलेली असतात. तो आकडा आहे ४१ लाख ४६ हजार.

बहिणीचे ५० ते ६० या दहा वर्षांत ४१ लाखांचे १ कोटी झाले. या एका दशकात तिच्या पुंजीत साडेअठ्ठावन्न लाखांची भर पडली. भावाच्या वाट्याला हेच दशक येत नाही. कॅलेंडरवर त्याने पहिली दहा वर्षं सोडली असली तरी पुंजीच्या वाढीतली शेवटची दहा वर्षं त्याच्या हातून गेली. आपण सोडतो ते ८ लाख जमण्याचं दशक आणि मुकतो ते ५८ लाख वाढण्याच्या दशकाला. उशिराची किंमत त्या वेळी जाणवत नाही याचं कारण हेच आहे.

बहिणीने पहिली दहा वर्षं भरून थांबायचं ठरवलं तर?

तिने २५ ते ३५ दरमहा ४,३५९ भरले आणि पुढे एकही हप्ता भरला नाही, तरी ते ८ लाख (नेमके ७ लाख ९७ हजार) पुढच्या २५ वर्षांत ७.३४ पट होऊन सुमारे ५८ लाख ५४ हजार होतात. म्हणजे लक्ष्याचा निम्म्याहून मोठा भाग पहिल्या १२० हप्त्यांतून उभा राहतो आणि उरलेल्या ३०० हप्त्यांतून ४१ लाख ४६ हजार येतात.

पुढे अजिबात न भरता पूर्ण १ कोटी हवे असतील, तर त्या दहा वर्षांत दरमहा ७,४४७ भरावे लागतील. एकूण भरणा होतो ९ लाखांपेक्षा थोडा कमी. भाऊ त्याच १ कोटीसाठी २५ वर्षं दरमहा १०,५१५ भरतो. माझा सल्ला दहा वर्षांनी थांबा असा मुळीच नाही. पण पुढे नोकरीत खंड पडण्याची, मुलांसाठी किंवा आजारपणासाठी घरी राहावं लागण्याची शक्यता असेल, त्यांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा.

दहा वर्षं नाही, फक्त एक वर्ष थांबलं तर?

बहिणीने २५ ऐवजी २६ व्या वर्षी सुरुवात केली तर हप्ता ४,३५९ वरून ४,७४७ होतो. वाढ ३८८ ची, सुमारे ९ टक्के. भावाने ३५ ऐवजी ३६ वर नेलं तर १०,५१५ चे ११,५३९ होतात, वाढ १,०२४ ची.

टक्केवारी दोन्हीकडे जवळपास सारखी असली तरी रक्कम वाढत जाते, कारण दरवर्षीची वाढ आधीच वाढलेल्या हप्त्यावर बसते. दहा वर्षांचा उशीर कोणी एकदम ठरवून करत नाही. "पुढच्या वर्षीपासून" असं दहा वेळा म्हटल्याने तो होतो, आणि त्या प्रत्येक वेळी समोरचा आकडा फक्त ९-१० टक्क्यांचा असतो.

८ टक्के परतावा गृहीत धरणं कितपत बरोबर?

हा माझा अंदाज नाही आणि आश्वासन तर नाहीच. हिशेबाला एखादा दर लागतो, म्हणून तो घेतला. दर बदलला की उशिराची किंमत किती बदलते, ते या तक्त्यात पाहा.

| वार्षिक परतावा | २५ व्या वर्षापासून दरमहा | ३५ व्या वर्षापासून दरमहा | किती पट |
|---|---|---|---|
| ४ टक्के | १०,९४४ | १९,४५० | १.७८ |
| ६ टक्के | ७,०१९ | १४,४३० | २.०६ |
| ८ टक्के | ४,३५९ | १०,५१५ | २.४१ |
| १० टक्के | २,६३४ | ७,५३७ | २.८६ |

उजवीकडचा रकाना वरून खाली वाचा. परतावा जितका जास्त, तितका उशीर महाग. म्हणून एखाद्या जाहिरातीत दहा वर्षांच्या उशिराने हप्ता तिप्पट किंवा चौपट होतो असं दिसलं, तर आधी त्यांनी कोणता दर धरला आहे ते शोधा. १२ किंवा १५ टक्के धरले की कोणताही उशीर भयंकर दिसतो. पूर्णपणे सुरक्षित ठेवींतच बचत करणाऱ्याने वरच्या दोन ओळी आपल्या मानाव्यात. तिथेही उशीर महागच पडतो, पण पावणेदोन ते दोन पट.

दरसाल १ टक्का शुल्क घेणाऱ्या योजनेत परतावाही तेवढाच खाली येतो. म्हणून तक्त्यात आपली ओळ शोधताना शुल्क वजा करूनच शोधावी.

दहा वर्षांनी पैशाची किंमत कमी झालेली असेल. मग १०,५१५ आणि ४,३५९ यांची तुलना करणं बरोबर आहे का?

शंका अगदी रास्त आहे. अशा बहुतेक तुलनांमध्ये हा मुद्दा सोडून दिलेला असतो, आणि त्यामुळे उशीर आहे त्यापेक्षा जास्त महाग दिसतो.

महागाई वर्षाला ५ टक्के धरू. दहा वर्षांत किमती सुमारे १.६३ पट होतात. म्हणजे ३५ व्या वर्षी भरलेल्या १०,५१५ चं ओझं, २५ व्या वर्षीच्या पैशात मोजलं, तर ६,४५५ इतकंच असतं. ४,३५९ शी तुलना केली तर ते दीडपटीपेक्षा थोडं कमी भरतं.

पण ही तुलनाही अपुरी आहे. बहीणसुद्धा ३५ वर्षं तोच आकडा भरते आणि तिचाही हप्ता महागाईने हलका होत जातो. दोघांना एका तराजूत तोलायचं असेल तर दोघांचेही हप्ते दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढवायला हवेत. तसं केलं तर बहिणीचा पहिला हप्ता २,४६० येतो आणि भावाचा ६,७०४. भाऊ सुरुवात करतो त्या वर्षापर्यंत बहिणीचा हप्ताही वाढून ४,००७ झालेला असतो. म्हणजे एकाच वर्षी, एकाच पैशात, शेजारी शेजारी ठेवले तर ४,००७ आणि ६,७०४, म्हणजे १.६७ पट.

माझ्या मते उशिराची खरी किंमत ही आहे: ८ टक्के परतावा आणि ५ टक्के महागाई असेल, तर पुढची २५ वर्षं दरवर्षी दोन-तृतीयांश जास्त भार. २.४१ हा आकडाही चुकीचा नाही. हप्ता कायम एकच ठेवणाऱ्यासाठी तो बरोबर आहे. पण महागाईचा विचार केल्यावरही उशीर महागच ठरतो, म्हणून लोकांना घाबरवण्यासाठी मोठा आकडा निवडायची गरज नाही.

लक्ष्याबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. १ कोटी हा निवृत्तीच्या दिवसाचा आकडा आहे. ५ टक्के महागाईने ३५ वर्षांनंतरच्या १ कोटीत आजच्या सुमारे १८ लाखांइतकंच सामान येईल. लक्ष्य ठरवताना हे आधी पाहावं. पण ते दोघांनाही सारखंच लागू असल्याने दोघांमधल्या तुलनेवर त्याचा परिणाम होत नाही.

माझा पगार वाढणारच आहे. तेव्हा जास्त भरणं जड जाणार नाही, मग आता का भरू?

हा युक्तिवाद मोजून पाहता येतो. भावाचा हप्ता २.४१ पट आहे. ३५ व्या वर्षापर्यंत त्याचं उत्पन्नही २.४१ पट झालं, तर सुरुवातीला पगाराचा जितका वाटा बहिणीला द्यावा लागला, तितकाच त्याला द्यावा लागेल. दहा वर्षांत २.४१ पट म्हणजे दरवर्षी सुमारे ९.२ टक्के वाढ, एकही वर्ष न चुकता.

काहींची वाढ खरोखरच यापेक्षा जास्त असते, विशेषतः लांबलेल्या शिक्षणानंतर कमी पगारावर सुरुवात करणाऱ्यांची. त्यांनी सुरुवातीला कमी भरणं समजण्यासारखं आहे. मात्र एक गोष्ट विसरली जाते. बहिणीचा पगारही तसाच वाढला, तर ३५ व्या वर्षी तिच्यासाठी ४,३५९ हा पगाराचा अगदी लहान तुकडा उरलेला असतो. भावासाठी मात्र तो तुकडा तिथून सुरू होतो, आणि तेही बहुधा घराचा हप्ता आणि मुलांचे खर्च सुरू झालेले असताना. वाढलेल्या पगारावर हक्क सांगायला तोवर बरेच जण आलेले असतात.

सुरुवातीला पूर्ण हप्ता झेपत नाही. थोडेच भरले तर काही उपयोग आहे का?

आहे, आणि तो मोजता येतो. समजा बहिणीला २५ ते ३५ दरमहा २,००० च जमले. ३५ व्या वर्षी तिला हप्ता वाढवून ७,६९१ करावा लागेल. काहीच न भरता ३५ पर्यंत थांबली असती तर १०,५१५ भरावे लागले असते. पहिल्या दहा वर्षांतल्या २,००० नी पुढच्या २५ वर्षांचा प्रत्येक हप्ता २,८२४ ने कमी केला.

८ टक्क्यांना याचा सोपा ठोकताळा असा: पहिल्या दशकात दरमहा भरलेला प्रत्येक १०० पुढच्या २५ वर्षांतले दरमहा १४१ वाचवतो. रक्कम लहान असो वा मोठी, हे प्रमाण बदलत नाही. "एवढ्याशाने काय होणार" हे वाक्य मी फार ऐकलं आहे, आणि ज्यांनी ते म्हणून दहा वर्षं काहीच भरलं नाही त्यांच्यासमोर नंतर १०,५१५ चा आकडा मांडणं मला कधीच सोपं गेलेलं नाही.

मध्येच पैसे काढले तर?

बहिणीने ३५ व्या वर्षी खात्यातले ८ लाख काढून घेतले, तर त्या क्षणी ती भावाच्या जागी येऊन उभी राहते. पुन्हा १ कोटी हवे असतील तर तिलाही १०,५१५ भरावे लागतील. दहा वर्षं नियमित भरूनही उशीर होतो, तो असा.

नोकरी बदलताना जमा रक्कम हातात घेऊन खर्च करणं, हा या चुकीचा सर्वांत नेहमीचा प्रकार. रक्कम लहान दिसते म्हणून ती जाते. काढण्यापूर्वी तिला ७.३४ ने गुणून पाहा: ३५ व्या वर्षी काढलेला १ लाख म्हणजे ६० व्या वर्षीचे ७ लाख ३४ हजार. अडीअडचणीसाठी काही महिन्यांचा खर्च वेगळा ठेवला असेल तर या पैशाला हात लावायची वेळ सहसा येत नाही.

डोक्यावर कर्ज आहे. तरीही आधी बचतच सुरू करू का?

कर्जाचा व्याजदर बचतीच्या परताव्यापेक्षा जास्त असेल तर आधी कर्ज फेडा. १८ टक्क्यांचं कर्ज असताना ८ टक्क्यांवर पैसे ठेवणं म्हणजे दरसाल १० टक्के गमावणं. हा उशीर नव्हे, कारण कर्जात भरलेला पैसा १८ टक्के वाचवतो. मात्र कर्ज फिटलं की त्याचा हप्ता दुसऱ्याच महिन्यापासून बचतीकडे वळवा.

लांब मुदतीच्या, कमी व्याजाच्या कर्जाची गोष्ट वेगळी. ते फिटेपर्यंत थांबायचं म्हटलं तर पंधरा-वीस वर्षं जातील. तिथे दोन्ही बरोबरीने चालवावं.

परतावा धरला तितका मिळालाच नाही तर लवकर सुरू करणारा तरी सुरक्षित असतो का?

नाही, आणि हे नीट समजून घ्या. दोघांनी ८ टक्के धरून हप्ता ठरवला आणि प्रत्यक्षात ६ टक्केच मिळाले, तर ६० व्या वर्षी बहिणीकडे ६२ लाख ११ हजार असतील आणि भावाकडे ७२ लाख ८७ हजार. लवकर सुरू करणारी बहीणच लक्ष्यापासून जास्त दूर राहते! कारण तिने खिशातून कमी घातले आहेत आणि चक्रवाढीवर जास्त भिस्त ठेवली आहे. चक्रवाढीने दगा दिला की तिचंच जास्त नुकसान होतं.

तिच्याकडे भावापेक्षा जास्त आहे ते एकच: चूक वेळेत दिसण्याची सोय. दहा वर्षांनी तिने पासबुक पाहिलं तर ७ लाख ९७ हजारांऐवजी ७ लाख १४ हजार दिसतील. तूट फक्त ८३ हजारांची, पण ती सांगते की दर ६ टक्के आहे. पुढेही तोच दर राहील असं धरून तिने हप्ता ९,८२७ केला तर १ कोटी होतात. ६ टक्क्यांच्या जगात शून्यापासून सुरू करणाऱ्या भावाला १४,४३० लागतात.

म्हणून २५ व्या वर्षी सुरू करून ३५ वर्षं डोळे मिटून बसू नका. दर दोन-तीन वर्षांनी खात्यातली रक्कम आणि हिशेबातली रक्कम शेजारी लिहा. तूट लहान दिसत असतानाच हप्ता वाढवला तर तो थोडाच वाढवावा लागतो.

मी आज पस्तिशीत आहे आणि काहीच साठवलेलं नाही. १०,५१५ झेपत नसतील तर काय करू?

पहिला उपाय लोक सहसा विचारात घेत नाहीत: निवृत्ती दोन वर्षं पुढे ढकलणं. ६० ऐवजी ६२ धरलं तर हप्ता १०,५१५ वरून ८,७६१ वर येतो. ६५ धरलं तर ६,७१०. ज्या शेवटच्या वर्षांना तुम्ही मुकणार होतात, त्यांतलीच काही तुम्ही अशी परत मिळवता. (१ कोटी तोच ठेवला तर महागाईने त्याची किंमत तेवढी घटलेली असेल. पण पैसे काढून जगायची वर्षंही तेवढीच कमी होतात.)

दुसरा उपाय म्हणजे झेपेल तिथून सुरुवात करून दरवर्षी हप्ता वाढवणं. वर आलेला ६,७०४ चा आकडा हाच आहे: दरवर्षी ५ टक्के वाढवायची तयारी असेल तर भाऊ तिथून सुरू करू शकतो.

तिसरा मार्ग मी कोणालाही सुचवणार नाही, पण बरेच जण त्याच वाटेने जातात: हप्ता लहान ठेवून जास्त परताव्याच्या मागे लागणं. बहिणीइतक्याच ४,३५९ च्या हप्त्यात २५ वर्षांत १ कोटी हवे असतील तर सलग २५ वर्षं दरसाल १३ टक्क्यांहून जास्त परतावा लागतो. इतक्या दराची हमी कोणी देत असेल तर तिथून उठून यावं. आणि हमीशिवाय मिळणारा तेवढा परतावा मोठ्या चढउतारांसह येतो. उशिरा सुरू करणाऱ्याकडे ते चढउतार सोसायला वर्षं कमी असतात.

आणि पंचेचाळिशीत?

त्याच लक्ष्यासाठी दरमहा २८,८९९, म्हणजे भावाच्या २.७५ पट. दुसरं दशक पहिल्यापेक्षा महाग पडतं. या वयात निवृत्तीचं वय हलवण्याने सर्वांत जास्त फरक पडतो: ६० ऐवजी ६२ केलं तर हप्ता २३,१५९ होतो. बरेचदा लक्ष्यच पुन्हा तपासावं लागतं. १ कोटी नाही झाले आणि ६० लाख झाले, तरी तो आकडा शून्यापेक्षा ६० लाखांनी मोठा आहे.

माझा स्वतःचा आकडा कसा काढू?

कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये ही सूत्रं टाका. पहिलं बहिणीचं, दुसरं भावाचं.

```
=PMT(8%/12, 35*12, 0, -10000000)
=PMT(8%/12, 25*12, 0, -10000000)
```

यात 8% च्या जागी तुमचा दर, 35 किंवा 25 च्या जागी उरलेली वर्षं आणि 10000000 च्या जागी तुमचं लक्ष्य. उणे चिन्ह तसंच ठेवा, नाहीतर उत्तर उणे येईल. आधीच काही साठलेलं असेल तर 0 च्या जागी ती रक्कम टाका. उत्तर त्या प्रमाणात कमी होईल. काही संगणकांवर स्वल्पविरामाऐवजी अर्धविराम लागतो.

दुसऱ्या कॅल्क्युलेटरवर हाच प्रश्न टाकला तर ४,६६७ आणि ११,००१ आले. कोणतं खरं?

दोन्ही. इथे ८ टक्क्यांना १२ ने भागून दरमहाचा दर काढला आहे. त्यामुळे वर्षाचा प्रत्यक्ष परतावा ८.३ टक्के पडतो. तुमचा कॅल्क्युलेटर वर्षाअखेरीस बरोबर ८ टक्के होतील असा दरमहाचा दर घेतो, तो थोडा कमी असतो, म्हणून हप्ता जास्त येतो. तिथे दोघांच्या हप्त्यांचं प्रमाण २.३६ पट येतं, इथे २.४१. काही कॅल्क्युलेटर हप्ता महिन्याच्या सुरुवातीला धरतात. मग ४,३५९ चे ४,३३१ होतात, पण प्रमाण तेच राहतं. दोन योजनांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच कॅल्क्युलेटरवरून घ्या, नाहीतर योजनांमधला फरक समजून तुम्ही दोन पद्धतींमधला फरक मोजत बसाल.